गुरुजींची उजवी काच

परभणीत माझं चष्म्याचं दुकान आहे. मागच्या मे महिन्यात भर दुपारी एक निवृत्त गुरुजी तुटका चष्मा रुमालात बांधून घेऊन आले. दांडी मुळापासून निघाली होती आणि डाव्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटल्या होत्या.

"एकाकडं काच काढायला दिली होती, बाळा. त्यानं लायटर धरला," गुरुजी म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. प्लास्टिकची काच तापली की फुगते, वरचं कोटिंग तेवढं ताणत नाही, म्हणून ते तडकतं. पुसून, घासून त्या रेघा जात नाहीत. उजवी मात्र शाबूत होती, उणे सहा नंबरची, त्यात सिलेंडर, म्हणजे ठरावीक दिशेनंच बसवावा लागणारा नंबर. जुन्या मालात तीच फ्रेम, त्याच मापाची निघाली. उजवी धड निघाली तर गुरुजींना एकच काच नवी करावी लागणार होती.

आधी चष्मा नळाखाली धुतला. खोबणीत शेतातली धूळ भरली होती. ओरखडे पडतात ते बहुतेक वेळा या कणांनीच; बोटाखाली एक खडा आला की काच गेली. मग फ्रेम ॲसिटेट या प्लास्टिकची आहे, याची खात्री केली. नायलॉनसारख्या फ्रेमला ऊब देऊन काच काढायची युक्ती चालत नाही, ती तापवूनही तशी मऊ होत नाही.

हिटरच्या गरम हवेत फक्त उजवी कड धरली, काचेचं तोंड झोताबाहेर ठेवलं आणि फ्रेम सतत फिरवत राहिलो. एका जागी थांबलं की ॲसिटेटला फोड येतात. वीसेक सेकंदांनी कड गालाला लावून पाहिली: ऊब लागली, चटका नाही. बोटांनी दाबल्यावर ती जराशी वाकली. काचेवर मऊ कापड ठेवून दोन्ही अंगठ्यांनी डोळ्याच्या बाजूनं, नाकाकडच्या कोपऱ्यात, पुढे दाबलं.

हलली नाही.

अशा वेळी हात स्क्रूड्रायव्हरकडं जातो. त्याचं टोक काचेची कड टवकतं आणि खोबण कायमची फाकवतं. जोर वाढवला तर जुनी, सुकलेली फ्रेम नाकाच्या पुलावर तुटते. गुरुजींची फ्रेम तुटली तरी चालली असती, पण तुटताना काच निसटून फरशीवर गेली असती. म्हणून मी थांबलो. पुन्हा ऊब दिली, या वेळी वरच्या कडेला थोडी जास्त. परत दाबलं. कोपरा पुढे सरकला, मग बारीक 'टक्' असा आवाज झाला आणि काच कापडात आली.

ट्यूबलाइटखाली ती तिरपी धरून फिरवली. एकही रेघ नव्हती. नवी फ्रेम तशीच ऊब देऊन मऊ केली आणि काच समोरून बसवली. सिलेंडरचा अंश नंबर मोजायच्या लेन्सोमीटरवर पुन्हा तपासला, जागच्या जागी होता.

डाव्या काचेची ऑर्डर लिहून घेत होतो, तोवर गुरुजींनी तो चष्मा डोळ्यांना लावला आणि उजव्या डोळ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथी वाचून दाखवली.