चुकीचे जन्मसाल आणि कुलूप लागलेले खाते

ज्या समाजमाध्यमावर माझे खाते होते, त्यावर ते मी २० ऑगस्ट २०११ रोजी उघडले. त्या वेळी नोंदणीच्या अर्जात जन्मतारीख विचारत नसत. ती नोंदवायची सोय पुढे आली आणि २०१३ मध्ये, दहावीच्या वर्गात असताना, मी ती भरली. दिवस आणि महिना खरे घातले, कारण मित्रांच्या शुभेच्छा हव्या होत्या. साल मात्र परक्या माणसांना कळू नये म्हणून १९९८ ऐवजी २००० घातले. वर्गातल्या बहुतेकांनी असेच काहीतरी केले होते आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नव्हते.

२०१९ च्या अखेरीस एके दिवशी खाते उघडायला गेलो, तेव्हा पासवर्ड बरोबर असूनही आत जाता येईना. खाते उघडताना तुम्ही आवश्यक वयाचे नव्हता, त्यामुळे ते बंद करण्यात आले आहे, एवढाच मजकूर पडद्यावर होता. मला प्रथम तो तांत्रिक घोळ वाटला, कारण चुकीचे साल धरले तरी मी तेव्हा १९ वर्षांचा होतो. १९ वर्षांच्या माणसाला वयाचे कारण सांगून बाहेर काढण्याचा अर्थ लागायला मला वेळ लागला.

तो अर्थ असा की इथे आजचे वय मोजलेच जात नाही. जन्मतारीख आणि खाते उघडल्याची तारीख यांतले अंतर मोजले जाते. ७ सप्टेंबर २००० ही तारीख आणि २० ऑगस्ट २०११ हा नोंदणीचा दिवस यांची वजाबाकी केली की वय १० वर्षे ११ महिने येते. अमेरिकेत १९९८ साली झालेला आणि एप्रिल २००० पासून अमलात आलेला कोप्पा नावाचा कायदा सांगतो की १३ वर्षांखालील मुलाची माहिती गोळा करण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेतली पाहिजे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या संकेतस्थळाला हे बंधन तेव्हाच लागू होते, जेव्हा समोरचे मूल १३ च्या आतले आहे हे त्याला प्रत्यक्ष ठाऊक असते. मी रकाना मोकळा ठेवला असता, तर कंपनीला काहीच ठाऊक नव्हते. मी साल भरले आणि नको ती माहिती स्वतःच्या हाताने तिच्या दप्तरी नोंदवली. पुढे २५ मे २०१८ रोजी युरोपचा माहिती संरक्षणाचा नियम लागू झाला, तेव्हा ट्विटरनेही याच वजाबाकीच्या आधारे अनेक खाती बंद केली होती आणि त्यांत पुष्कळ जण तोवर सज्ञान झालेले होते. ते वाचल्यावर मला माझ्या प्रकरणाचा उलगडा झाला.

आता दुरुस्ती. खाते बंद असताना रकान्यात जाऊन साल बदलता येत नाही. अपिलाचा अर्ज भरावा लागतो. ज्यांचे खाते चालू असते त्यांनाही मोठे वय कमी करणे सोपे आणि कमी वय मोठे करणे अवघड जाते. एखाद्याने स्वतःला आधीपेक्षा लहान म्हटले, तर कंपनी ते मानून त्याच्यावर जास्त बंधने घालते आणि त्यात तिचा धोका कमीच होतो. त्याने स्वतःला मोठे म्हटले, तर ते खोटे निघाल्यास जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून पुरावा मागितला जातो. माझी दुरुस्ती २००० वरून १९९८ कडे, म्हणजे मोठ्या वयाकडे जाणारी होती.

अर्जात खात्याचे नाव, जोडलेला ईमेल, ओळखपत्रावरचे पूर्ण नाव, ओळखपत्रावरची जन्मतारीख आणि ओळखपत्राचे छायाचित्र मागितले होते. नाव, छायाचित्र आणि जन्मतारीख दिसली पाहिजे, बाकीचे झाकले तरी चालेल, असे खाली लिहिले होते. मी आधार कार्ड पाठवले आणि ते नाकारले गेले. 'दिलेल्या कागदपत्रावरून तुमचे वय ठरवता येत नाही,' असे दोन ओळींचे उत्तर आले. मी चिडलो, पण पुन्हा कार्ड हातात घेतल्यावर त्यांचे म्हणणे पटले. माझे आधार पहिल्या खेपेचे आहे आणि त्यावर पूर्ण तारीख नाही, फक्त 'जन्म वर्ष : १९९८' एवढेच छापलेले आहे. सुरुवातीच्या काळात अनेकांच्या आधारवर असेच वर्ष असे. १९९८ च्या जानेवारीत जन्मलेला मुलगा २० ऑगस्ट २०११ ला साडेतेरा वर्षांचा झालेला असतो आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला पावणेतेराच्याही आत असतो. ज्या रेषेवर सगळा निर्णय होता, ती नेमकी त्या एका वर्षाच्या मधूनच जात होती.

दुसऱ्यांदा पासपोर्ट पाठवायचे ठरवले आणि इथे खास आपल्याकडची एक अडचण पुढे आली. माझा जन्म ७ सप्टेंबरचा, पण शाळेच्या दप्तरी तारीख १ जून १९९८ आहे. जूनमध्ये शाळा सुरू होते, पहिलीला सहा वर्षे पूर्ण हवीत, म्हणून गुरुजींनी १ जून लिहून टाकायचे, हा महाराष्ट्रातला जुना रिवाज आहे. आमच्या गावात एका वयाच्या निम्म्या लोकांचे वाढदिवस कागदोपत्री त्याच दिवशी येतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून तीच तारीख पुढे पॅन आणि पासपोर्टवर गेली. म्हणजे घरची तारीख एक, खात्यातली दुसरी आणि कागदावरची तिसरी. अर्जाने ओळखपत्रावरची तारीख विचारली होती, म्हणून मी १ जून लिहिली. घरी पाळतो ती तारीख लिहिली असती, तर अर्जातली आणि पासपोर्टवरची तारीख जुळली नसती आणि अशा ठिकाणी न जुळणाऱ्या तारखेची कारणे ऐकून घेणारे कोणी नसते. घरातल्या तारखेने मी नोंदणीच्या दिवशी १२ वर्षे ११ महिन्यांचा होतो आणि कागदावरच्या तारखेने १३ वर्षे पूर्ण झालेला. गुरुजींच्या त्या नोंदीने माझे खाते वाचवले, असे आमच्या घरात अजूनही म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र माझी दुसरी कोणतीही जन्मतारीख अस्तित्वात नाही.

पासपोर्टवर तारीख 01/06/1998 अशी छापलेली असते. आपण ती १ जून वाचतो, अमेरिकेतला माणूस ६ जानेवारी वाचतो. माझ्या बाबतीत दोन्ही वाचनांनी वय १३ च्या पुढेच जात होते, पण अर्जातल्या तारखेशी तुलना करणाऱ्याला ती वेगळी दिसली असती. म्हणून मी अर्जात महिना अक्षरांत लिहिला आणि पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर तळाशी असलेल्या, यंत्राला वाचता येणाऱ्या दोन ओळी झाकल्या नाहीत. त्यातल्या दुसऱ्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक, मग IND आणि लगेच जन्मतारीख येते. तिथे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा जगभर एकच क्रम असतो आणि शेवटी एक पडताळणीचा अंक जोडलेला असतो :

```
9806010
```

९८ साल, ०६ महिना, ०१ दिवस आणि शेवटचा शून्य हा तपासणीचा. तारखेच्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ३, १, ७, ३, १ ने गुणून बेरीज केली की १३० येते आणि तिचा एकम् स्थानचा अंक शून्यच आहे. कोणी तारखेतला एखादा अंक खोडून बदलला, तर हा शेवटचा अंक जुळत नाही. अर्जाच्या मजकुरात मी या ओळीचा उल्लेख एका वाक्यात केला. पासपोर्टचा क्रमांक मात्र पानाच्या वरच्या भागात आणि या ओळीतही कागदाच्या पट्टीने झाकला आणि मग छायाचित्र काढले; संगणकावर काळा पट्टा ओढला असता, तर चित्रात फेरफार केल्याचा संशय येण्याची भीती होती.

क्रमांक झाकणे मला तेव्हा थोडे अतिसावधपणाचे वाटले होते. आता वाटत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या समाजमाध्यमाने जाहीर केले की त्यांच्या ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीत घुसखोरी होऊन सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे उघडी पडली असावीत, आणि ती छायाचित्रे वयाच्या अपिलांसाठीच दिलेली होती. आधार पाठवायचेच असेल, तर शेवटचे चार अंक तेवढे दाखवणारे मास्क्ड आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते.

यानंतर आलेल्या पत्रात मला वयाविषयी काहीच विचारले नव्हते. खात्याला जोडलेल्या ईमेलवरूनच उत्तर पाठवा, एवढीच मागणी होती. तेव्हा लक्षात आले की तपासणारा दोन निरनिराळे प्रश्न सोडवत असतो. या माणसाची जन्मतारीख ही आहे का, हा पहिला. आणि हे खाते याच माणसाचे आहे का, हा दुसरा. पासपोर्टने पहिला प्रश्न सुटला. पण माझ्या खात्यावर टोपणनाव होते आणि छायाचित्राच्या जागी क्रिकेटच्या बॅटचे चित्र होते, त्यामुळे पासपोर्टवरचा तरुण आणि ते खाते यांना जोडणारा धागा त्यांच्याकडे नव्हता. नाहीतर कोणीही थोरल्या भावाचा पासपोर्ट दाखवून धाकट्याचे खाते सोडवून नेईल. सुदैवाने तो जुना ईमेल चालू होता. ज्या मित्रांचे ईमेल महाविद्यालय सुटताच बंद झाले, त्यांतल्या एकाचे अपील, वयाचा पुरावा निर्विवाद असूनही, इथेच अडकले.

खाते उघडले तेव्हा जुने सगळे जागेवर होते, कारण नव्या तारखेने मी पहिल्या दिवसापासून १३ च्या पुढे होतो. नोंदणीच्या वेळी जे खरोखरच लहान होते, त्यांना खाते परत मिळाले तरी तेराव्या वाढदिवसाआधीचा मजकूर काढून टाकला जातो. जन्मतारखेचा रकाना आता माझ्यासाठी कायमचा बंद आहे. त्यात १ जून १९९८ आहे आणि तो बदलायचा, तर पुन्हा हेच सगळे करावे लागेल.

ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही, त्यांना मी पॅन कार्ड सुचवतो, कारण त्यावर नाव, छायाचित्र आणि पूर्ण जन्मतारीख इंग्रजीत असते. शाळा सोडल्याचा दाखला आपल्या कार्यालयांत वजनदार असला, तरी मराठीतला, छायाचित्र नसलेला कागद परदेशातल्या तपासणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. आधारवर नुसते वर्ष असेल, तर आधार केंद्रावर पुरावा दाखवून पूर्ण तारीख नोंदवून घ्यावी. मात्र तिथे जन्मतारखेची दुरुस्ती सामान्यतः एकदाच करता येते, म्हणून केंद्रावर जाण्याआधी पॅन, दाखला आणि बाकीच्या कागदांवर तारीख एकच आहे ना, ते घरीच शेजारी ठेवून पाहावे.