उलट्या पोटाचा B

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो तेवढ्यात भाचीचा फोटो आला. वहीचं पान, त्यावर फुल्याच फुल्या, मधे एक टिंब आणि टिंबातून डावीकडे निघालेला बाण. खाली मेसेज, "मामा इलेक्ट्रॉन आहे, फोर्स वर की खाली? मला खाली येतंय पण खात्री नाहीये."

फ्लेमिंगच्या नियमासाठी डावा हात आपोआप वर गेला. फुल्या म्हणजे चुंबकीय क्षेत्र कागदाच्या आत, म्हणून तर्जनी आत. इलेक्ट्रॉनचा भार ऋण, तो डावीकडे चाललाय म्हणजे विद्युतधारा उजवीकडे, म्हणून मधलं बोट उजवीकडे. अंगठा, म्हणजे फोर्स, वर. आता हिला खाली कसं काय येतंय? ही पोरगी तशी हुशार आहे, चिन्ह विसरणाऱ्यातली नाही.

परीक्षेच्या हॉलमधे हे दृश्य बघण्यासारखं असायचं. चाळीस पोरं हवेत बोटं वाकडी करून बसलेली, एखाद्याचा खांदा निखळेल की काय असं वाटावं आणि पर्यवेक्षक बाई बाहेर बघत हसू दाबतायत. आमच्या बाकावर एक डावखुरा मित्र होता, त्याचं म्हणणं की हे नियम उजव्यांनी उजव्यांसाठी लिहिलेत, आपल्याला सगळं उलट. म्हणून तो तारेभोवतीचं क्षेत्र उजव्याऐवजी डाव्या अंगठ्याने काढायचा आणि फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम उजव्या हाताने लावायचा. आणि दोन समांतर तारांच्या प्रश्नात त्याचं उत्तर बरोबर यायचं! दोन्ही तारांत धारा वरच्या दिशेने असेल तर त्या एकमेकींना ओढतात, त्याच्याही ओढायच्या. कारण सरळ आहे, पहिल्या हाताने क्षेत्र उलटं निघालं, दुसऱ्या हाताने बल परत उलटलं, उलट्याचं उलटं सुलट. सरांनी पूर्ण मार्क दिले. मग पुढच्या पेपरात क्षेत्र फुल्यांनी आयतं काढून दिलेलं आलं, तिथे हात एकदाच वापरायचा असतो, आणि बाबा आपटला.

मला तर हे फार आवडतं. तारांना डावं-उजवं काही कळत नाही, त्यांना फक्त जवळ यायचं किंवा लांब जायचं एवढंच ठाऊक. हात लागतो तो मधल्या फुलीसाठी, आणि ती फुली आपण ठरवलेली. सगळ्या जगाने उद्या दोन्ही हात बदलले तर पुस्तकातल्या सगळ्या फुल्यांची टिंबं होतील, म्हणजे आत जाणारं क्षेत्र कागदाबाहेर येईल, पण एकही तार वेगळी हलणार नाही.

हां, तर फोटो. झूम करून बघितला. कोपऱ्यात चुंबकीय क्षेत्राचा B लिहिलेला, आणि त्याचं पोट डावीकडे! बाणापाशी वेगाचा v होता, पण v आरशातही v च दिसतो, फुली पण तशीच. तो एक B सोडला तर पानावर चुगली करणारं काहीच नाही. मग आठवलं, हिच्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्याची काच फुटलीय, बाईसाहेबांनी वही सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरली असणार, आणि काही फोन सेल्फी आरशासारखीच सेव्ह करतात.

फोटो नुसता आडवा आला असता तर काही बिघडलं नसतं, बाण आणि उत्तर दोन्ही एकदम फिरतात, फुली आतच राहते. कागद उजेडाला धरून मागून बघितला तरी चालतं, बाण उलटतो पण आपण पलीकडे गेल्यामुळे फुलीचंही टिंब करावं लागतं, आणि उत्तर खालीच येतं. सेल्फीने अर्धंच काम केलं, बाण उलटवला आणि फुली तशीच ठेवली. त्यामुळे वहीत इलेक्ट्रॉन उजवीकडे आणि फोर्स खाली, फोटोत डावीकडे आणि फोर्स वर.

"खालीच. फोटो उलटा आलाय, B बघ," असं टाइप केलं. तिकडून हसण्याच्या इमोजींची रांग.

झोप गेलीच होती, मग डोकं भलतीकडेच गेलं. तारा आणि चुंबकांपुरतं आरशातलं जगही नियमाने चालतं, फक्त फुल्या नीट बदलायच्या. सगळ्याच निसर्गाचं असं असेल असं लोक धरून चालले होते. ली आणि यांग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 1956 मधे त्यावर शंका काढली आणि चिएन-शिउंग वू यांनी ते करून बघितलं. कोबाल्ट-60 जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत थंड केला, चुंबकीय क्षेत्रात त्याची अणुकेंद्रकं एका दिशेला लावली आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले. ते दोन्ही बाजूंना सारखे पडायला हवे होते. एका बाजूला जास्त पडले. म्हणजे तिथे फुल्या कितीही बदला, आरशातला प्रयोग आपल्या जगात घडतच नाही.

1957 चं नोबेल ली आणि यांगना मिळालं. वू बाईंना नाही.