घासलेली टिप जेवायच्या सुट्टीत वाढत नाही

आमच्या कंपनीत सकाळची मीटिंग उभ्याने व्हायची. टूल स्टोअरच्या बाजूला भिंतीवर एक पांढरा बोर्ड, त्याच्यासमोर अर्धगोल करून सगळे उभे, सव्वानऊला सुरू आणि साडेनऊला संपली पाहिजे असा नियम. उभं ठेवलं की माणसं कमी बोलतात अशी त्यामागची आयडिया. मला वाटतं ती फक्त ज्युनियर लोकांना लागू पडते, कारण प्रॉडक्शनचे आणि मेंटेनन्सचे साहेब उभ्या उभ्या वीस मिनिटं आरामात भांडू शकायचे.

मी तेव्हा बावीस वर्षांची, ट्रेनी इंजिनिअर, भोसरीत पहिलीच नोकरी. अर्धगोलात माझी जागा ठरलेली, सगळ्यात टोकाला, वॉटर कूलरला चिकटून. काम एकच, आदल्या दिवशीचे आकडे बोर्डावर लिहायचे आणि मार्करचं टोपण हरवू द्यायचं नाही. आधी सेफ्टी, मग क्वालिटी, मग डिस्पॅच, मग बाकीचं. क्वालिटीला मिळायची जेमतेम तीन मिनिटं. म्हणजे तुम्हाला रिजेक्शनबद्दल काही बोलायचं असेल तर त्या तीन मिनिटांत तोंड उघडायचं, नाहीतर डिस्पॅचवाले "आज दोन गाड्या लोड करायच्यात" म्हणून सुरू झाले की गेली तुमची बस.

तर झालं असं, की एका सीएनसी लेथवर एका जॉबचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, सारखा रिजेक्ट होत होता. बोअर ३५ मिलिमीटरचा, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य ते अधिक २५ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर त्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात सगळा खेळ. बोअर लहान आला तर परत लावून रिवर्क करता येतो, मोठा आला की सरळ भंगारात. रोज बोर्डावर मी लिहायचे, या मशीनचं रिजेक्शन सात, पाच, नऊ, आणि कारणाच्या रकान्यात क्वालिटीचे सर सांगायचे तेच, टूल वेअर. म्हणजे कटिंगची टिप घासली म्हणून साइज गेली. मग चर्चा व्हायची ती टिप लवकर बदला किंवा सप्लायर बदला एवढीच. टिपा लवकर बदलून झाल्या, आकडा काही हलला नाही.

आता मी काही फार हुशार होते असं नाही. पण आकडे मीच लिहायचे ना, त्यामुळे मूळ शीट माझ्याकडे यायची, आणि त्या शीटवर ऑपरेटर प्रत्येक रिजेक्ट जॉबपुढे वेळ लिहायचे. बोर्डावर ती वेळ यायचीच नाही, फक्त दिवसाची बेरीज. एक दिवस डबा खाता खाता सहज म्हणून वहीत तासातासाचे रकाने पाडले आणि प्रत्येक जॉबला एक काडी मारत गेले. आठवड्याच्या काड्या मारून झाल्यावर बघते तर बहुतेक सगळ्या सकाळी सातच्या आणि आठच्या रकान्यात, थोड्या जेवणानंतरच्या, आणि मध्ये जवळजवळ मोकळं. शुक्रवारी तर सकाळचा रकाना गच्च भरलेला. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, हे सांगायचं राहिलं.

मशीनवरच्या मामांना ती वही दाखवली. मामा त्या मशीनवर अकरा वर्षं, मला मॅडम म्हणायचे, त्यांची मुलगी माझ्याएवढीच होती. त्यांनी वहीकडे नीट बघितलंही नाही. म्हणाले, "मॅडम, मशीन थंड असलं की बोअर मोठा येतो, मग मी ऑफसेट मारून तो बरोबर करतो, तासाभरात मशीन गरम झालं की तोच बोअर लहान व्हायला लागतो, मग परत ऑफसेट. सकाळी ह्याचं अंगच आखडलेलं असतंय." ऑफसेट म्हणजे टूल किती आत-बाहेर ठेवायचं ते मशीनला आकड्यात सांगणं. मी म्हटलं, मामा, टूल वेअर नाही का मग हे? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून तोंडपाठ आहे. "टिप घासली की बोअर लहान होत जातो, बरोबर? मग जेवून आल्यावर त्याच टिपेने बोअर परत मोठा कसा येतो? घासलेली टिप जेवायच्या सुट्टीत वाढती का?"

झालं. सगळा मुद्दा तेवढाच. बाकी पुस्तकातलं मला माहीत होतं, एक मीटर पोलाद एक अंशाने तापलं की साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं, आणि डिसेंबरात आमची शेड सकाळी चांगलीच गार असायची. मशीन चालायला लागलं की स्पिंडलचं डोकं आतून तापतं आणि टूलच्या मानाने जरासं सरकतं. ते कुठल्या बाजूला सरकेल ते मशीनच्या बांधणीवर असतं, आमच्या मशीनवर त्याने बोअर लहान व्हायचा. गंमत अशी की टिप घासल्यावरही बोअर लहानच होतो, म्हणून दोन्ही रोग वरून सारखेच दिसायचे. फरक जेवणाच्या सुट्टीनंतर कळायचा, आणि तेव्हा मशीनजवळ मामा असायचे, साहेब नाही.

दुसऱ्या दिवशी क्वालिटीच्या तीन मिनिटांत मी बोलले. म्हणजे माझ्या मते बोलले. "सर, मला असं वाटतं की कदाचित थर्मल ग्रोथमुळे असू शकेल का..." एवढं एका दमात, वॉटर कूलरकडे बघत, आणि तेवढ्यात मागे कॉम्प्रेसर सुरू झाला. कोणीतरी "काय म्हणाली ती?" विचारलं, कोणीतरी "थर्मलचं काहीतरी, कॉलेज ताजं आहे अजून" म्हणालं, हशा, डिस्पॅच. मी मार्करचं टोपण लावलं.

चार तास मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्यावर लक्षात आलं की चूक फक्त आवाजाची नव्हती. एक तर मी कारण सांगितलं होतं पण पुरावा वहीत ठेवून आले होते. आणि दुसरं जरा नाजूक. टूल वेअर हे कारण रोज क्वालिटीचे सर सहीनिशी लिहीत होते, आणि मी सगळ्यांसमोर, आधी काही न सांगता, ते चूक आहे म्हणत होते. प्रश्नार्थक का होईना. त्यांच्या जागी मी असते तर मीही हसण्यावारीच नेलं असतं.

म्हणून चहाच्या वेळी वही घेऊन आधी त्यांच्याकडेच गेले. ते वाकून काड्या बघत राहिले, दोनदा पान उलटं सुलटं केलं, मग म्हणाले, "अगं, हे आधी का नाही दाखवलंस?" (सकाळीच दाखवणार होते सर, कॉम्प्रेसरला विचारा. हे मनात.) मग म्हणाले, "उद्या तूच सांग. मी सांगितलं तर मेंटेनन्सला वाटेल मशीनवर ढकलतोय." म्हणजे त्यांनाही कोणाचीतरी भीती होतीच. तेव्हा मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी थर्मल हा शब्दच काढला नाही. वहीतलं पान मोठ्या कागदावर उतरवून बोर्डाला चिकटवलं होतं, नुसत्या काड्या. आणि म्हणाले, "सर, टिप घासली असती तर बोअर लहानच होत गेला असता. जेवणानंतर त्याच टिपेने तो मोठा येतोय. हे मामांनी सांगितलं आणि आठवड्याची शीट बघितली तर तसंच दिसतंय." मग गप्प बसले. हे गप्प बसणं फार अवघड असतं, आपणच घाईने "म्हणजे मी चुकतही असेन" वगैरे जोडून टाकतो. कॉम्प्रेसर त्या दिवशी शांत होता.

प्लांट हेड कागदाजवळ गेले, शुक्रवारच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बरं, मग करायचं काय?"

याचं उत्तर तयार ठेवलं होतं म्हणून वाचले. एकच मशीन, येत्या शुक्रवारी, काम सुरू करायच्या आधी वीस मिनिटं जॉब न कापता नुसतं फिरवायचं, आधी हळू मग टप्प्याटप्प्याने जोरात, आणि पहिले वीस जॉब होईपर्यंत ऑफसेटला हात लावायचा नाही, फक्त मोजून लिहायचं. मेंटेनन्सचे साहेब लगेच म्हणाले, वीस मिनिटं आधी येणार कोण, ओव्हरटाइम कोण देणार? रास्त प्रश्न होता, आणि याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते दिलं शिफ्ट सुपरवायझरनी. सातला आल्यावर ऑपरेटर पंधरा-वीस मिनिटं साफसफाई आणि तेलपाणी बघतात, तेव्हा मशीन बंदच असतं. तर आधी दार बंद करून मशीन फिरत ठेवायचं, आजूबाजूची झाडलोट तेवढ्यात करायची आणि आतलं काम शिफ्ट संपताना. खर्च शून्य. मेंटेनन्सने एकच अट घातली, रिकामा चक जोरात फिरवायचा नाही, एक जुना जॉब पकडूनच फिरवा.

शुक्रवारी मी पावणेसातलाच हजर, हातात मफलर आणि वही. मामांनी पहिला जॉब काढला, पुसला, जरा गार होऊ दिला (गरम जॉब मोजला की तोही फसवतो), बोअर गेज घातला आणि काही न बोलता माझ्याकडे धरला. काटा टॉलरन्सच्या साधारण मध्यावर. विसाव्या जॉबपर्यंत साइज सहा-सात मायक्रॉन पळाली, एरवी वीसच्या पुढे पळायची. भंगारात एकही नाही.

सगळं सुटलं असं मात्र नाही. जेवणानंतरचं शिल्लक राहिलंच, कारण अर्धा तास मशीन नुसतं फिरवत ठेवायला कोणी तयार होईना. तिथे एवढंच ठरलं की जेवून आल्यावर तीन जॉब मोजल्याशिवाय ऑफसेट मारायचा नाही, कारण एका जॉबवरून मारलेला ऑफसेट अर्ध्या तासाने उलटतो. आणि टिपा खरंच घासतात, त्यामुळे टूल वेअर बोर्डावरून गेलं नाही, फक्त रोज यायचं बंद झालं.

नंतर एचआरने कायझनचा, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणेचा, फॉर्म भरायला सांगितला. त्यात नाव माझं एकटीचं छापून आलं होतं, मी पेनाने वर मामांचं लिहिलं. मामा म्हणाले, "माझं कशाला, मी तर नुसता बोललो." अकरा वर्षं नुसतं बोलत होते, पण मीटिंगला ऑपरेटर नसतात. मी म्हटलं, मामा, मीपण नुसतीच बोलले.

फॉर्मवर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो लागतात. आता थंड मशीन आणि गरम मशीन फोटोत कसं ओळखणार, म्हणून त्याच मशीनचे त्याच जागेवरून दोन फोटो काढले आणि लावून टाकले. अजून कुठल्यातरी फाइलीत असतील. फरक एवढाच, की दुसऱ्या फोटोत मामांनी केस विंचरलेत.