काकूंची तक्रार बरोबरच बंद झाली होती

‘पैसे कापले, पण पोचले नाहीत’ म्हणत शाखेत येणाऱ्या बहुतेकांचं काम आम्ही काही न करताच होऊन जातं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने एखाद्या माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानातलं पेमेंट अडकलं तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. म्हणून ‘पाच दिवस थांबा’ हे वाक्य आमच्या तोंडात बसलंय. काकूंनाही आमच्या एकाने तेच ऐकवून परत पाठवलं होतं, स्क्रीनकडे न बघता.

त्या पुन्हा आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाच्या मसाल्याची खरेदी केली होती. बेडगी, काश्मिरी, धणे, खडा मसाला मिळून ६,८४० रुपये. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, पैसे कापल्याचा मेसेज आला. ॲपवर मात्र ‘प्रक्रिया सुरू आहे’, आणि दुकानातला स्पीकर गप्प. दुकानदार म्हणाला, आले नाहीत. मागे गर्दी, डंकावर नंबर लागलेला. काकूंनी एटीएम गाठलं आणि रोख दिले.

घरी येऊन त्यांनी ॲपमध्ये तो व्यवहार उघडून तक्रार नोंदवली. ‘पैसे कापले, पण समोरच्याला मिळाले नाहीत’ हा पर्याय निवडला. कोणीही तोच निवडेल. उत्तर आलं: पैसे जमा झाले आहेत, तक्रार बंद.

“ताई, मग माझे पैसे खाल्ले कोणी?”

मी त्यांच्याकडून बारा आकडी यूटीआर नंबर घेतला. ॲपचा स्वतःचा एक लांबलचक अक्षरी नंबर असतो, लोक तोच दाखवतात; बँकेला त्याचा उपयोग नसतो. बारा आकडी नंबर दोन्ही बाजूंना एकच राहतो. मुख्य कार्यालयातल्या विवाद विभागाला फोन लावला, आणि तिथे उलगडा झाला. आमच्या बँकेने पैसे कापून पुढे पाठवले होते, पण दुकानदाराच्या बँकेकडून वेळेत उत्तर आलं नाही. अशा वेळी व्यवहार फसलेला नसतो आणि झालेलाही नसतो. पैसे नंतर जमा झाले असतील तर ती बँक तसं कळवते, नसतील तर परत पाठवते. इथे जमा झाले होते, तिने तसं कळवलं होतं. म्हणजे तक्रारीचं उत्तर शब्दशः खरं होतं. भरपाईचाही प्रश्न नाही, कारण पैसे पोचलेच होते.

काकूंची खरी तक्रार वेगळी होती: एकाच मालाचे पैसे दोनदा दिले. त्यासाठीचं कारण निराळं, ‘दुसऱ्या मार्गाने पैसे दिले’. पहिल्या कारणावर बँक फक्त एवढंच बघते की पैसे जमा झाले का. दुसऱ्यावर दुकानदाराच्या बँकेला विचारलं जातं की हे पैसे ठेवायचा हक्क आहे का, आणि तिथे पुरावा लागतो. हा फरक ॲपच्या पडद्यावर कुठेही समजावलेला नाही. असे पडदे बनवणाऱ्यांना एकदा आमच्या काउंटरवर बसवायला हवं.

पुराव्याचं तर आणखी अवघड. बिल म्हणजे पॅडवरची चिठ्ठी, तारीख नाही. पण बेरीज तीच, आणि एटीएमची नोंद पेमेंटनंतर काही मिनिटांची. तेवढ्यावर मी लेखी अर्ज करून घेतला आणि काकूंना सांगितलं, नंबर कागदावर लिहून दुकानातही जा. त्यांचा भाचा इंटरनेटवर सापडलेल्या एका ‘हेल्पलाइन’ला फोन करायला निघाला होता. त्याला तिथेच थांबवलं. पैसे परत मिळायला पिन टाकावा लागत नाही, हेही बजावलं.

दुकानदार लबाड नव्हता. त्याच्या खात्यात दिवसभराची विक्री दुसऱ्या दिवशी एकरकमी येते, त्यात काकूंचे ६,८४० मिसळून गेले होते. नंबर दाखवल्यावर त्याने ॲपमधली यादी चाळली, त्याला तो सापडला, आणि त्याने तिथल्या तिथे पैसे परत पाठवले. तो नाही म्हणाला असता तर त्या बिनतारखेच्या चिठ्ठीवर काय झालं असतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

काकूंनी फोन करून कळवलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “अगं, आता तुमच्या अर्जावरूनही आले तर दोनदा होतील ना?” होऊ शकले असते. अर्ज मागे घेतल्याचं पत्र त्या दुपारी स्वतः येऊन देऊन गेल्या.