नऊ पेले आणि बाकावर एकटा बसलेला माणूस

टॅरोचे पत्ते वाचायला लागून मला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. डोंबिवलीतल्या माझ्या खोलीत साठीकडे झुकलेले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "ताई, मनात एक इच्छा आहे. ती सांगणार नाही, फक्त पूर्ण होईल का ते सांगा." त्यांनी एकच पत्ता ओढला आणि तो नाइन ऑफ कप्स निघाला. या पत्त्याला आमच्यात ‘विश कार्ड’ म्हणतात. साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्यांमध्ये हाच मान बदाम नव्वीला आहे, आणि कप्स, म्हणजे पेल्यांचा गट, बदामाच्याच जागी धरला जातो. मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "होईल, काका. यापेक्षा चांगला पत्ता निघूच शकत नाही."

दोन वर्षांनी, गणपती आटोपल्यावर ते पुन्हा आले. पेढे नव्हते, तक्रारही नव्हती. खुर्चीत बसून ते शांतपणे म्हणाले, "घर झालं. पण माझी इच्छा ती नव्हती."

मग त्यांनी सगळे सांगितले. संगमेश्वरजवळच्या गावातले त्यांचे वडिलोपार्जित घर पडायला आले होते. निवृत्तीचे पैसे घालून त्यांनी चिऱ्याच्या भिंती नव्याने उभ्या केल्या, कौले बदलली आणि पडवी वाढवली. तिन्ही भावांनी पूर्वीसारखा एकाच मखरासमोर आरतीला उभे राहावे, यासाठी हा सारा खटाटोप होता. चतुर्थीला दोघांपैकी एकही भाऊ आला नाही. धाकट्याने फोनवर एवढेच सांगितले, "दादा, घर आता तुझं झालं. आम्ही पाहुणे म्हणून कशाला यायचं?"

मी संचातून तोच पत्ता शोधून टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदा जे करायला हवे होते ते तेव्हा केले, म्हणजे चित्र नीट पाहिले. 1909 साली आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली पामेला कोलमन स्मिथ यांनी रेखाटलेल्या संचातले हे चित्र आहे. लाल शिरोभूषण घातलेला एक सुखवस्तू माणूस लाकडी बाकावर हाताची घडी घालून बसला आहे आणि त्याच्या मागे निळे कापड पसरलेल्या कमानदार फळीवर नऊ सोनेरी पेले ओळीने मांडले आहेत. चेहऱ्यावर तृप्ती आहे. पण पेले त्याच्या पाठीमागे आहेत, हात बांधलेले आहेत आणि त्या साऱ्या चित्रात दुसरे माणूस नाही. या चित्रात सुखाची केवळ भौतिक बाजू दिसते, तिला इतरही बाजू आहेत, असे वेट यांनीच पत्त्याच्या वर्णनात लिहून ठेवले आहे. गोल्डन डॉन या गूढविद्येच्या संस्थेच्या परंपरेतही या पत्त्याला ‘भौतिक सुखाचा स्वामी’ असेच नाव आहे.

मग मी शेजारी टेन ऑफ कप्स ठेवला. त्यात पेले इंद्रधनुष्यात आहेत, खाली नवराबायको हात उंचावून उभे आहेत आणि बाजूला दोन मुले नाचत आहेत. मागे एक छोटे घर दिसते, पण चित्र माणसांचे आहे. काकांनी मनात धरले होते ते या दुसऱ्या चित्रासारखे काहीतरी. निघालेला पत्ता मात्र पहिला होता, आणि मी काहीही न विचारता त्यालाच दुसऱ्याचा अर्थ देऊन टाकला होता. इच्छा न सांगण्याची प्रथा मी मोडायला हवी होती. निदान एवढे तरी विचारायला हवे होते की, ही गोष्ट तुमच्या एकट्याच्या हातातली आहे की तिला आणखी कोणाचा होकार लागतो? हा पत्ता पहिल्या प्रकारच्या इच्छेबद्दल बरेच बोलतो, दुसऱ्याबद्दल जवळजवळ काहीच नाही. आणि ‘होईल’ हे उत्तर इतके गोड असते की ते ऐकल्यावर माणूस पुढचा प्रश्न विचारायचाच थांबतो. काकांनीही माझ्या त्या शब्दावर विसंबून भावांना आराखडा दाखवला नव्हता, खर्चाचे विचारले नव्हते, देवघर कुठे ठेवायचे हेसुद्धा एकट्याने ठरवले होते. हे त्यांनीच मला सांगितले, आणि त्यात माझा वाटा किती होता हे मला तिथेच कळले. मी त्यांची क्षमा मागितली.

त्यांनी पत्ता उचलून डोळ्यांजवळ नेला आणि बाकाच्या मोकळ्या कडेवर बोट ठेवले. "इथे जागा आहे," ते म्हणाले. "मी हात बांधून मध्येच बसलोय."

त्या दिवशी मी दुसरा पत्ता ओढू दिला नाही. त्यांना विचारायचे होते ते धाकट्या भावालाच विचारायचे होते. मी कागद पुढे केला आणि त्यांनी त्यावर पहिला प्रश्न लिहिला: "देवघर कुठे हवं होतं तुला?"