कणकुंबीच्या वाटेवरून, तुम्हाला

अहो,

लग्नाला दहा वर्षं झाली, कुठंतरी लांब जाऊया, असं तुम्ही म्हणालात आणि मी कणकुंबीचं नाव घेतलं. तुम्ही "एवढंच?" असं विचारलं नाहीत. गाडीची हवा बघितलीत, माझ्यासाठी कानटोपी शोधलीत आणि सकाळी सातला आपण उचगाव सोडलं. दिवसभर मागं बसून जे मनात येत होतं ते गाडीच्या आवाजात सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

डिसेंबर असल्यानं वाटेत तांबड्या रानांतून रताळ्याची काढणी चालली होती. आधी वेल कापून बाजूला ओढायचे, मग वरंबे फोडायचे. मी निपाणीकडची, काळ्या मातीतली, तंबाखूच्या रानाशेजारी वाढलेली. जेमतेम दोन तासांचं अंतर, जिल्हाही एकच, पण २०१५ साली तुमच्या घरी आले तेव्हा जेवणाचं ताट पार वेगळं होतं. तुमच्याकडं दोन्ही वेळा भात आणि भाकरी केली तर तांदळाची. माझ्या माहेरी शाळूची भाकरी नसली तर जेवण झालं असं कुणी म्हणतच नसे.

पिरनवाडी मागं पडून जांबोटीच्या रस्त्याला लागलो, तेव्हापासून माझ्या डोक्यात ती शाळूची गोष्टच होती. तुम्हाला कदाचित ती आठवतही नसेल.

नवीन होते. एक दिवस दुकानातून ज्वारीचं पीठ आणून मी भाकरी करायला बसले. थापायला घेतली की कडेनं चिरायची, उचलून तव्यावर टाकायला गेले की मधून तुटायची. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण शेजारच्या काकू बघत होत्या. तुम्ही दारातून आत आलात, परातीतलं पीठ चिमटीत धरून बघितलंत आणि म्हणालात, "पीठ जुनं हाय बग. विरी गेलीया. तुझ्या हाताचं काय चुकलं न्हाई." फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाला हे कुठून माहीत, असं मला वाटलं. नंतर कळलं, तुम्ही आदल्याच आठवड्यात माझ्या आईला फोन करून विचारलं होतं की ही जेवताना गप्प का असते.

आई तुम्हाला जे बोलली ते बरोबरच होतं. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. पीठ ताजं असेल तर साध्या पाण्यातही गोळा धरतो, पण दळून दिवस गेले की विरी कमी होत जाते आणि कडेला भेगा पडायला लागतात. मग उकळतं पाणी घालून पीठ झाकून ठेवायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेनं रगडायचं आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळायचं. तरी फारच जुनं पीठ असलं तर उकड काढूनही ते साथ देत नाही. मोदकाची उकड निगुतीनं काढणाऱ्या सासूबाईंनाही शाळूचं हे नवीनच होतं.

त्यानंतरच्या शनिवारी तुम्ही उद्यमबागेतून सुटून थेट गिरणीत गेलात, दोन किलो शाळू घेऊन. इतकं थोडं दळण घ्यायला गिरणीवाले कुरकुर करतात. शिवाय आधी गहू दळलेला असेल तर जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ आपल्या ज्वारीत उतरतं. म्हणून तुम्ही तिथं थांबायचात. कुणाचं तरी ज्वारीचं दळण निघेपर्यंत थांबायचात आणि त्याच्या मागोमाग आपलं टाकायचात. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त, आठ तास भट्टीसमोर उभं राहून आल्यावर. घरी येऊन गरम पिशवी ओट्यावर ठेवायचात आणि हातपाय धुवायला जायचात. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. गिरणीवाल्याच्या बायकोनं हळदीकुंकवाला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी तुमच्याशी काही बोलले नाही. पण ह्या घरात आपण राहायला आलोय, पाहुणी म्हणून नाही, हे मला तेव्हा पटलं. अक्षता पडल्या त्या दिवशी नव्हे.

कुसमळीला मलप्रभा ओलांडली. डिसेंबरातलं तिचं शांत पाणी बघून मला २०१९ चा ऑगस्ट आठवला. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, रस्ता बंद झाला आणि आई निपाणीत एकटी होती. सगळे मला "काही होणार नाही, घाबरू नको" म्हणत होते. तुम्ही ते वाक्य एकदाही बोलला नाहीत. अलीकडं अडकलेल्या एका ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरला गाठलंत, आईच्या गल्लीतल्या पोराचा नंबर मिळवलात आणि रात्रभर थोड्या थोड्या वेळानं विचारत राहिलात. मला जागं करून सांगायचात, "पाणी आहे तिथंच आहे. आईनं दूध तापवलंय." मला धीर नको होता, बातमी हवी होती. ती खरी होती म्हणून मधेमधे डोळा लागला. घाबरलेल्या माणसापाशी कसं बसावं हे मी त्या रात्री तुमच्याकडून शिकले, आणि धाकटीच्या तापात तेच करते.

जांबोटीला चहा झाला. पुढं झाडी दाट होत गेली, रस्त्यावर ऊन कमी आणि गारवा जास्त. तुम्ही न सांगता वेग कमी केलात, कारण मी दोन्ही हात तुमच्या खिशात घातले होते.

कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. बारीकसं पाणी. इथून ती पूर्वेला निघते, खानापुरावरून सौंदत्तीच्या बाजूला नविलुतीर्थाच्या धरणात साठते आणि सुमारे ३०० किलोमीटर जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. तिथंच उभं राहून तुम्ही पश्चिमेकडं हात केलात आणि म्हणालात, त्या अंगाला पडलेला पाऊस म्हादईत जातो, गोव्यात, अरबी समुद्रात. ह्या अंगाचा पार बंगालच्या उपसागरात. ह्याच पाण्यावरून दोन राज्यांत इतकी वर्षं भांडण चाललंय, तेही सांगितलंत. तुम्ही हे लग्नानंतर पहिल्यांदा इथं आलो तेव्हाही सांगितलं होतं, त्याच जागी, तसाच हात करून. मी तुम्हाला थांबवलं नाही. तुम्ही सांगताना तुमचा चेहरा जसा होतो तो मला बघायचा असतो.

देवळाच्या पायरीवर डबा उघडला. शाळूची भाकरी, झुणका, कांदा. तुम्ही कांदा बुक्कीनं फोडलात आणि आतला गोड गाभा माझ्या भाकरीवर ठेवलात. हे तुम्ही दहा वर्षं करता आहात. तुम्हालाही तो गाभाच आवडतो, हे मला नणंदेनं लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी सांगितलं. तेव्हापासून मी तो निम्मा करून परत तुमच्या भाकरीवर ठेवते. आपण ह्यावर कधी बोललो नाही, आजही बोललो नाही.

परतताना खानापूरवरून हलशीला जायचं ठरलं होतं, पण उशीर झाला. तिथल्या कदंबांच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत आणि त्यातल्या एकात पृथ्वीला उचलून धरलेला भूवराह आहे, हे तुम्ही मला वाटेत ओरडून सांगत होता. अर्धंच ऐकू आलं. संक्रांतीनंतर थंडी उतरली की जाऊया. धाकटीलाही घेऊ, आणि या वेळी बसनं. म्हणजे मला शेजारी बसून सगळं नीट ऐकता येईल.

तुमचीच