हँडलबारवरचा फोन आणि थरथरणारा कॅमेरा: माझा अनुभव

कॅमेरा उघडला की स्क्रीनवरचं चित्र हुडहुडी भरल्यासारखं थरथरायचं. फोन टेबलावर टेकवून ठेवला तरी तेच. कान जवळ नेला तर मागच्या बाजूने बारीक गुणगुण ऐकू यायची. फोन कधी पडला नव्हता, भिजला नव्हता. सात आठवडे तो फक्त बाईकच्या हँडलबारवर होता, ॲल्युमिनियमच्या घट्ट होल्डरमध्ये, मला रस्ता दाखवत.

आधी वाटलं, सॉफ्टवेअरची भानगड असेल. रीस्टार्ट केला, कॅमेऱ्याचं ॲप रीसेट केलं, शेवटी फोन फॅक्टरी रीसेटही केला. फरक शून्य. मग एक गोष्ट लक्षात आली, जी खरं तर पहिल्याच मिनिटाला बघायला हवी होती. चित्र फक्त मुख्य कॅमेऱ्यात थरथरत होतं. अल्ट्रावाइडवर गेलो की सगळं शांत, सेल्फी कॅमेराही शांत. माझ्या फोनच्या त्या दोन कॅमेऱ्यांत ओआयएस नाही, मुख्य कॅमेऱ्यात आहे. म्हणजे बिघाड सॉफ्टवेअरमध्ये नव्हता, त्या एका भिंगाच्या यंत्रणेत होता.

ओआयएस म्हणजे ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन. आपला हात हलला की जायरोस्कोप ते ओळखतो आणि भिंग तितकंच उलट्या दिशेला सरकवलं जातं. त्यासाठी भिंग घट्ट बसवून चालत नाही. ते केसाएवढ्या तारांवर आणि पातळ स्प्रिंगांवर अधांतरी असतं, बाजूला चुंबक आणि तांब्याची कॉइल असते. कॉइलमधून वीज गेली की भिंग सरकतं, आणि ते नेमकं कुठे आहे हे चुंबकीय सेन्सर सांगत राहतो. ऑटोफोकससुद्धा याच डबीत, अशाच पद्धतीने चालतो.

हे अधांतरीपण ऐकूही येतं. ओआयएस असलेला फोन कानाजवळ धरून हलकेच हलवा, बऱ्याच फोनमध्ये टिक-टिक आवाज येतो. कॅमेरा चालू करून पुन्हा हलवा, आवाज थांबतो किंवा कमी होतो, कारण आता कॉइलने भिंग धरून ठेवलेलं असतं. बाईकवर नकाशा चालू असताना कॅमेरा बंद असतो. म्हणजे नेमकं सगळ्यात जास्त हादरे बसतात तेव्हा भिंगाला धरायला कोणी नसतं. ॲपमध्ये स्टॅबिलायझेशन बंद करून ठेवलं की भिंग लॉक होतं, असा माझा समज होता. ते सेटिंग फक्त वापर थांबवतं, तारा आणि स्प्रिंगा आहेत तशाच लोंबत राहतात.

मग खड्ड्यांनी नाही आणि इंजिनानेच नुकसान का? ही शंका मीही काढली. खड्डा एकदा दणका देतो आणि संपतो. इंजिन मात्र एका ठरावीक ठेक्यात तासन् तास हलवत राहतं. माझी बाईक एक सिलिंडरची. महामार्गावर ती साधारण ४८०० आरपीएमवर चालते. त्याला ६० ने भागलं की ८० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८० हेलकावे. तासाला २ लाख ८८ हजार. हाताची थरथर सेकंदाला फार तर दहा-बारा वेळा असते आणि ओआयएस तिच्यासाठी घडवलेलं असतं. त्यात स्प्रिंगेवरच्या कुठल्याही वस्तूला स्वतःचा एक ठेका असतो. झोका नेमक्या वेळी ढकलला की उंच जातो, तसं इंजिनाचा ठेका भिंगाच्या ठेक्याशी जुळला की भिंग डबीच्या भिंतींवर आपटायला लागतं. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना हेच सांगितलं होतं: ताकदवान इंजिनाच्या मोटरसायकलवर आयफोन थेट लावू नका; मोपेड किंवा स्कूटरवर लावायचाच असेल तर कंपनं शोषणारा माउंट वापरा, आणि तोही सतत नको. हे फक्त आयफोनला लागू नाही, ओआयएस असलेल्या कुठल्याही फोनला लागू आहे. माझा फोन दुसऱ्या कंपनीचा आहे, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं!

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने फोन हातात घेतला, कॅमेरा उघडला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “सर, बाईकला लावता का?” ओआयएस दुरुस्त होत नाही, अख्खं कॅमेरा मॉड्यूल बदलावं लागतं. फोन उघडला की पाणी रोखणारी चिकटपट्टीही नवीन बसवावी लागते. तेवढं आठवणीने विचारून घ्या.

मॉड्यूल बदलल्यावर मी कंपनं शोषणारा माउंट आणला, ज्यात दोन तबकड्यांमध्ये रबराच्या चार गोट्या असतात. पण यावेळी दुरुस्त करून आणलेला फोन लावला नाही. कपाटातला ओआयएस नसलेला जुना फोन लावला आणि त्यात phyphox हे मोफत ॲप टाकलं. ते फोनच्याच सेन्सरवरून कंपनं किती हर्ट्झची आणि किती जोराची आहेत ते दाखवतं. बाईक मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, उघड्यावर. आधी जुना घट्ट होल्डर, मग रबरवाला.

४८०० आरपीएमला घट्ट होल्डरमध्ये ८० हर्ट्झवर सरळ सुळका दिसला. रबरवाल्यात तोच सुळका साधारण पाचव्या हिश्शावर आला. मी खूश! मग इंजिन १२०० आरपीएमवर, म्हणजे २० हर्ट्झवर सोडलं आणि फोन डोळ्यांना दिसेल इतका डुगडुगायला लागला. घट्ट होल्डरपेक्षाही जास्त. कारण रबरावर बसलेल्या फोनलाही स्वतःचा ठेका असतो आणि माझ्या माउंटचा तो २० च्या आसपास होता. रबर त्या ठेक्याच्या साधारण दीडपट पुढे गेल्यावरच कंपनं अडवायला लागतं. त्याच्या खाली ते उलट वाढवतं. म्हणून एका बाईकवर उत्तम चाललेला माउंट दुसऱ्या बाईकवर, वेगळ्या वजनाच्या फोनसह, तसाच चालेल याची खात्री नाही. रबर कडक झालं, चिरलं की तर हिशोबच बदलतो.

जागेचाही फरक मोजून पाहिला. आरशाच्या दांड्यावर, माउंटच्या लांब हाताच्या टोकाला, सगळ्यात वाईट. हँडलबारच्या मध्यभागी, क्लॅम्पला लागून आणि हात आखूड ठेवून, सगळ्यात बरं. टँक बॅगच्या पारदर्शक खिशात त्याहून कमी, कारण खाली बॅगेचं मऊ सामान. पण चुंबकाने चिकटणारी टँक बॅग असेल तर फोन तिच्या चुंबकांपासून लांब ठेवा, भिंगाची जागा ओळखणारा सेन्सर चुंबकीयच आहे.

आता माझा चांगला फोन जॅकेटच्या आतल्या खिशात असतो आणि हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर रस्ता सांगतो. शरीर हे कुठल्याही रबरापेक्षा चांगलं गादीचं काम करतं. आवाजावर भागत नाही अशा गुंतागुंतीच्या रस्त्यांसाठी हँडलबारवर तो जुना फोन आहे, ऑफलाइन नकाशे भरून. महिन्यातून एकदा चांगल्या फोनवर मुख्य कॅमेरा उघडतो, बारीक अक्षरं असलेल्या कागदावर धरतो आणि चित्र थरथरतंय का, फोकस पुढे-मागे भटकतोय का ते बघतो. मॉड्यूल बदलल्याला अकरा महिने झाले, अजून तरी अक्षरं जागेवर आहेत.